कर्जात नाव आहे, खरेदीखतात आहे का?

बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये फ्लॅट घेणारं एक नोकरदार जोडपं उदाहरणादाखल धरू. कर्ज ६० लाखांचं, व्याज ८ टक्के, हप्ता दोघं निम्मा-निम्मा भरतात. बँकेच्या कागदांवर दोघंही सहकर्जदार आहेत, पण खरेदीखत फक्त नवऱ्याच्या नावावर आहे.

पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे पावणेपाच लाख होतं. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला जास्तीत जास्त २ लाखांची वजावट मिळते, आणि ती प्रत्येक सहमालकाला वेगळी. इथे नवऱ्याला २ लाख मिळतील, बायकोला मात्र शून्य. हप्ते तिच्या पगारातून जात असूनही! फेडीची जबाबदारी मात्र तिच्यावर पूर्ण कर्जाची; नवऱ्याचे हप्ते थकले तर बँक तिच्याकडेच वळेल.

खरेदीखतात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा लिहिला असता, तर तिलाही २ लाखांची वजावट मिळाली असती. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह हा फरक वर्षाला ६२,४०० रुपयांचा. मुद्दल फेडीची सवलतही मालकालाच मिळते. उलट, नाव खरेदीखतात असूनही कर्जात नसेल, तर या कर्जाची वजावट नाही.

बँकेच्या व्याज प्रमाणपत्रावर दोघांची नावं असतात, त्यामुळे फसगत होते. म्हणून नोंदणीपूर्वी खरेदीखताचा मसुदा मागून हिस्से वाचावेत. नव्या करप्रणालीत राहत्या घरावर या दोन्ही वजावटी नाहीत; तिथे मालकी ठरवताना करापेक्षा बायकोचा हक्क पाहावा.