प्रश्न विचारण्याआधी बाबासाहेबांनी काय केले?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेतील चर्चेचा समारोप करायला उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी सभा राज्यघटना स्वीकारणार होती, त्यामुळे मते मिळवण्याचा प्रश्नच नव्हता. घटना तयार झाली म्हणजे काम फत्ते झाले असे कोणी समजू नये, हे त्यांना पटवायचे होते. त्यासाठी त्यांनी उत्तराची वाट न पाहता विचारलेले प्रश्न आणि पुनरुक्ती ही दोन साधने कशी वापरली, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. भाषण इंग्रजीत होते. इथे त्याचा आशय देत आहे.

ते सांगतात की २६ जानेवारी १९५० रोजी भारत स्वतंत्र देश असेल. लगेच विचारतात, या स्वातंत्र्याचे पुढे काय होईल? ते टिकेल, की पुन्हा जाईल? मग ते इतिहासात शिरतात. सिंधवर महंमद बिन कासिम चालून आला तेव्हा राजा दाहिरच्या सेनानींनी लाच घेतली. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार मोगलांच्या बाजूने लढत होते. असे एकामागून एक दाखले दिल्यावरच ते विचारतात, इतिहासाची पुनरावृत्ती होणार का? हा प्रश्न सुरुवातीलाच आला असता तर नुसती शंका वाटली असती. दाखल्यांनंतर मात्र श्रोत्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते.

पुढे लोकशाहीबद्दल बोलताना तोच साचा पुन्हा येतो: तीच तारीख, काय होईल हा प्रश्न आणि टिकेल की जाईल हा दुसरा. या वेळी पुरावा बौद्ध भिक्षुसंघांचा आहे. त्यांना सभेच्या कामकाजाचे नियम ठाऊक होते, आणि ती पद्धत भारताने गमावली. साचा ओळखीचा झाल्यामुळे श्रोता दुसरा धोका पहिल्याच्या शेजारी आपोआप ठेवतो. ‘दोन्ही धोके सारखे आहेत’ असे वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर येतो भाषणातला सर्वांत परिणामकारक भाग. २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, असे ते म्हणतात. प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मूल्य. पण प्रत्येक माणसाला सारखे मूल्य नाही. मग सलग दोन प्रश्न येतात. हे विसंगतीचे जीवन आपण किती काळ जगत राहणार? सामाजिक आणि आर्थिक जीवनातली समता आपण किती काळ नाकारत राहणार?

दोन्ही प्रश्नांची सुरुवात एकच आहे, पण क्रियापद बदलले आहे. पहिल्यात आपण विसंगती ‘जगतो’. ती जणू आपल्या वाट्याला आलेली परिस्थिती आहे. दुसऱ्यात आपण समता ‘नाकारतो’. म्हणजे ती आपली कृती आहे आणि जबाबदारीही आपली. पुनरुक्तीने इथे श्रोत्याला एक पायरी पुढे नेले. शिवाय ‘आपण’ म्हटल्यामुळे वक्ता स्वतःलाही त्या प्रश्नात उभे करतो. ‘तुम्ही किती काळ नाकारणार?’ असे विचारले असते तर सभागृह बचावाच्या पवित्र्यात गेले असते.

प्रश्नानंतर ते थांबत नाहीत. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची ही इमारतच उद्ध्वस्त करतील, असा परिणाम ते स्पष्ट सांगतात. आधी पुरावा, मग प्रश्न, मग परिणाम असा हा क्रम आहे.

हीच साधने फसवीही ठरतात. पुरावा न देता प्रश्नांचा मारा केला की सभा ‘हो’ म्हणून ओरडते, पण पटलेले काहीच नसते. ‘हे की ते’ विचारून तिसरा पर्याय लपवता येतो. आणि दर वेळी नवे काही न जोडता तेच वाक्य घोळवले तर त्याची घोषणा होते.

कोणताही उतारा तपासताना हे प्रश्न विचारा:

१. प्रश्नाच्या आधी कोणता पुरावा आला आहे? तो काढला तर प्रश्न तग धरतो का?
२. प्रश्नाचे साधे विधान केले तर नेमके काय हरवते? ‘आपण फार काळ समता नाकारू शकत नाही’ असे वाक्य करून पाहा.
३. पुनरुक्तीत काय तसेच राहिले आणि काय बदलले?
४. वक्ता ‘आपण’ म्हणतो की ‘तुम्ही’? त्यामुळे जबाबदारी कोणावर येते?
५. वक्त्याने न दिलेले आणखी एखादे उत्तर शक्य आहे का?

हे भाषण महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या तेराव्या खंडात आहे. ते मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक प्रश्नापाशी थांबून त्याच्या आधीचा परिच्छेद पुन्हा पाहा.