पाहुणे बुधवारी येतात, खोली मंगळवारची लागते

चाकणच्या एमआयडीसीत गिअर बनवणारा एक कारखाना आहे, असे समजू. त्याचे मोठे गिऱ्हाईक जर्मनीत आहे. तिथून पाच जणांची टीम एका दिवसासाठी येणार आहे, तारीख बुधवार, १७ जून. साहेब सांगून मोकळे होतात, “त्यांचा दिवस लावून टाका.” मग साहेबांची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, ऑफिसच्या बोलीत ‘ईए’, एक टिपण लिहायला घेते. कोण कधी उतरणार, कुठे झोपणार, कोणाशी बोलणार, चहा कधी पिणार हे सगळे त्यात एका पानावर असते. वरवर पाहिले तर ते शाळेच्या वेळापत्रकासारखे दिसते. पण अनुभवी ईए ते सकाळपासून रात्रीकडे लिहीत नाही. आधी ती हलवता न येणाऱ्या वेळा शोधते आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवते.

या दिवसात अशा वेळा दोनच आहेत. पहिली विमानाची. युरोपातून मुंबईला येणारी बरीच विमाने मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. आपले पाहुणे बुधवारी रात्री १२ वाजून ५० मिनिटांनी उतरणार. बोलताना आपण ही ‘मंगळवारची रात्र’ म्हणतो, तिकिटावर मात्र तारीख बुधवारची असते. गोंधळाचे मूळ इथेच आहे. पाहुण्यांच्या ऑफिसने तिकीट पाहून हॉटेलची खोली १७ तारखेपासून घेतलेली असते आणि हॉटेलची खोली तर साधारण दुपारी दोननंतर ताब्यात मिळते. म्हणजे रात्रभर प्रवास करून पहाटे पाच वाजता आलेला माणूस लॉबीतल्या सोफ्यावर बसून राहणार. म्हणून खोली १६ तारखेपासून घ्यायची आणि हॉटेलला लेखी कळवायचे, की पाहुणे पहाटे येतील, ‘आले नाहीत’ म्हणून बुकिंग रद्द करू नका. एका रात्रीचे भाडे जास्त जाते. ते वाचवण्याच्या फंदात पडू नये.

सामान घेऊन बाहेर यायला दोन-सव्वादोन वाजतात. तिथून द्रुतगती मार्गाने पिंपरी-चिंचवडच्या बाजूच्या हॉटेलपर्यंत रात्रीचे तीन तास धरायचे. जूनमध्ये घाटात पाऊस आणि धुके असते, म्हणून त्याहून कमी धरू नये. पाच माणसे आणि पाच मोठ्या बॅगा एका इनोव्हात मावत नाहीत. मागची सीट उघडली की डिकीत जागाच उरत नाही. तेव्हा दोन गाड्या. आणि रात्री मुंबईहून आलेला ड्रायव्हर सकाळी पुन्हा चाकणला न्यायचा नाही, दिवसासाठी वेगळा माणूस. विमानतळावर धरायच्या पाटीवर पाहुण्याचे नाव लिहायचे, त्याच्या कंपनीचे नको. तिथे स्पर्धक कंपन्यांची माणसेही उभी असतात, त्यांना आपला गिऱ्हाईक कोण ते कशाला कळवायचे? परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला त्याची माहिती २४ तासांत सरकारला द्यावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आदल्या दिवशीच हॉटेलला पाठवल्या, तर पहाटे काउंटरवर ताटकळायची वेळ येत नाही.

दुसरी न हलणारी वेळ कारखान्याची, आणि साहेबांच्याही लक्षात येत नाही ती हीच. पाहुण्यांना शॉप फ्लोअर पाहायचा असतो, तोही चालू असलेला. आपल्या कारखान्याची पहिली पाळी सात ते साडेतीन. साडेअकरापासून कामगार तुकड्यातुकड्यांनी जेवायला जातात, ते दीडपर्यंत चालते. त्या वेळात निम्मी यंत्रे थांबलेली दिसतात. तीननंतर साफसफाई, मोजणी आणि पुढच्या पाळीला काम सोपवणे सुरू होते, गेटवर बसगाड्यांची रांग लागते. उरतो तो पावणेदोन ते तीनचा तुकडा. फेरी त्याच वेळात झाली पाहिजे. उद्या दाखवू म्हणायचीही सोय नाही, कारण उद्या गुरुवार, आणि या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आपल्याही.

आता या दोन खुंट्यांच्या मध्ये बैठका टांगायच्या. साहेबांचा आग्रह साडेनऊला सुरुवात करण्याचा. ईएने इथे नम्रपणे अडून बसावे. पहाटे सव्वापाचला खोलीत शिरलेला माणूस साडेनऊला चाकणला हवा असेल, तर त्याला आठला उठवावे लागेल. झोपेअभावी चिडलेल्या माणसासमोर दरवाढीचा विषय काढण्यात कसला शहाणपणा? शिवाय हॉटेल ते चाकण अंतर फार नसले, तरी ट्रकांच्या गर्दीत सव्वा तास सहज जातो. म्हणून दहाला निघायचे, सव्वाअकराला गेटवर. तिथे पंधरा मिनिटे: लॅपटॉपची नोंद, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सुरक्षिततेची छोटी फिल्म. पायातले बूट आधी मागवून ठेवायचे. आपल्या स्टोअरमध्ये सेफ्टी शूज सहा ते दहा नंबरचे, आणि एखादा उंच जर्मन गृहस्थ युरोपी मापाने ४६ सांगतो. त्याच्या पायाचा बूट कारखान्यात नसतो आणि बुटाशिवाय आत सोडत नाहीत. ही चौकशी आठवडाभर आधी ईमेलने करावी लागते.

पाहुण्यांना पाठवलेल्या टिपणातला मधला भाग असा दिसतो:

“११.३०: स्वागत आणि कंपनीची ओळख. १२.१५: चहा, तुमच्यासाठी दुसऱ्या मजल्यावर वेगळी खोली. १२.३५: गुणवत्तेच्या तक्रारींचा आढावा. १.१०: जेवण, हलके. १.५०: शॉप फ्लोअर. ३.०५: चहा. ३.३०: पुढच्या वर्षाचे दर आणि प्रमाण. ५.००: खोली फक्त तुमच्या टीमसाठी. ५.३०: समारोप. ६.१५: हॉटेलकडे प्रस्थान.”

यात चहा सव्वाबाराला का? जूनमध्ये जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपले साडेअकरा म्हणजे तिकडचे सकाळचे आठ, ऑफिस उघडायची वेळ. सव्वाबारापर्यंत तिकडचे सगळे जागेवर येतात आणि इकडे बैठकीत टेबलावरचे फोन थरथरू लागतात. सुट्टी तेव्हाच दिली तर पाहुणे निवांत बोलून येतात. नाही दिली तर एकेक जण दरवाजाबाहेर जातो आणि नेमका तक्रारींचा मुद्दा अर्ध्या माणसांसमोर मांडावा लागतो. हिवाळ्यात हेच अंतर साडेचार तासांचे होते, तेव्हा हा चहा तासभर पुढे सरकवावा लागतो. गेल्या वेळचे टिपण जसेच्या तसे उचलणारे इथे फसतात.

जेवणाचेही तसेच. आपले एक वाजतात तेव्हा जर्मन पोटात सकाळचे साडेनऊ असतात, आणि हॉटेलातला नाश्ता होऊन तीन-चार तास झालेले असतात. पंचपक्वान्ने मांडली तर ती तशीच राहतात. जपानहून टीम आली असती तर सगळे उलटे झाले असते. ते आपल्या साडेतीन तास पुढे असतात, म्हणजे आपल्या एक वाजता त्यांचे साडेचार झालेले. त्यांना साडेअकरालाच जेवायला बसवावे, आणि रात्री साडेआठचे जेवण म्हणजे त्यांची मध्यरात्र, तेव्हा ते सातलाच उरकावे.

पाच ते साडेपाच हा अर्धा तास पाहून साहेब हमखास विचारतात, “हा रिकामा का ठेवला?” खरे तर दिवसातला सर्वांत कामाचा वेळ तोच. साडेतीनच्या बैठकीत दर सांगितले जातात. ते ऐकल्यावर पाहुण्यांना आपसात बोलायचे असते, कधी घरच्या वरिष्ठांना विचारायचे असते. खोली नसेल तर ते “कळवतो” म्हणतात आणि उत्तर तीन आठवड्यांनी येते. खोली असेल तर साडेपाचला निदान हो-नाहीचा अंदाज मिळतो. त्या खोलीत आपला माणूस बसवू नये, पाणी द्यायच्या निमित्तानेही नाही. वायफाय मात्र आधी चालवून पाहावे. पाहुण्यांसाठीच्या वायफायला भारतीय मोबाईलवर येणारा ओटीपी लागत असेल, तर परदेशी नंबरवर तो येईलच असे नाही. आयटीवाल्यांकडून पाच पासवर्ड आधीच छापून घेतलेले बरे.

टिपणाचा खरा कस विमान उशिरा आल्यावर लागतो. फ्रँकफर्टहून मुंबईचा प्रवास साधारण आठ तासांचा. म्हणजे विमान तिथून निघायला हवे ते आपल्या मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, आपले ऑफिस चालू असताना. ईए त्या वेळी फोनवर विमानाचा माग पाहते. ते दीड तास उशिरा उडाले, तर तिला आठ तास आधीच कळते की पाहुणे सव्वापाचऐवजी पावणेसातला हॉटेलात पोचतील. मग काय कापायचे? झोप नाही, शॉप फ्लोअर तर नाहीच. कंपनीची ओळख कापायची, कारण ती त्यांनी ईमेलमध्ये आधीच पाहिलेली असते. तिची ४५ मिनिटे आणि चहाची २० मिळून ६५ मिनिटे सुटतात. हॉटेलहून निघणे ११.०५ वर जाते, जर्मनीचे फोन गाडीतच होतात आणि १२.३५ ची तक्रारींची बैठक वेळेवर सुरू होते. दीड तासाच्या उशिरात पाहुण्यांची झोप कमी झाली ती फक्त पंचवीस मिनिटांनी. हॉटेलला एक फोन, नाश्ता साडेदहानंतरही मिळू द्या, एवढेच वरचे काम. साहेबांच्या हातातल्या प्रतीवर ही ओळ आधीच लिहिलेली असते: “उशीर झाल्यास ओळख रद्द.” त्यामुळे ऐनवेळी कोणाची समजूत काढावी लागत नाही.

हो, प्रती अनेक असतात. पाहुण्यांच्या प्रतीत गाडी दहाला, तर ड्रायव्हरला व्हॉट्सॲपवर मराठीत “साडेनऊला पोर्चमध्ये”. गेटवरच्या प्रतीत पासपोर्टवरची पूर्ण नावे, कँटीनच्या प्रतीत फक्त माणसे आणि पथ्ये: दोघे शाकाहारी, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी. साहेबांच्या प्रतीत पाचांपैकी शेवटचा शब्द कोणाचा चालतो, ते. ही प्रत चुकून पाहुण्यांना गेली तर पंचाईत, म्हणून ती कागदावर छापून हातात द्यावी, ईमेलने पाठवूच नये.

रात्रीचे जेवण शहरात एखाद्या झकास ठिकाणी करावे, अशी मार्केटिंगवाल्यांची सूचना असतेच. संध्याकाळी सव्वासहाला चाकणहून निघालेली गाडी हॉटेलला कधी पोचेल, हे सांगताना ईए पावणेआठ म्हणते आणि मनात आठ धरते. त्यानंतर पुन्हा तासभर गाडीत बसवून शहरात न्यायचे आणि परत आणायचे, हे काही पाहुणचाराचे लक्षण नव्हे. जेवण हॉटेलातच, साडेआठला, टेबल आठ जणांचे: पाच पाहुणे, साहेब, प्लँट हेड आणि मार्केटिंगचे ते गृहस्थ.