महिना उजाडण्यापूर्वी प्रत्येक रुपयाला काम

रायगडच्या किनाऱ्यावर मे महिना म्हणजे अगोटीची धांदल. सरपण कोरड्यात रचले जाते, मसाला कुटला जातो, सुकट, बोंबील आणि जवळा डब्यांत बंद होतो आणि घरावरची कौले चाळून घेतली जातात. पुढील महिन्यांत काय लागेल याचा विचार आधी करून प्रत्येक वस्तूला तिची जागा ठरवून देणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. धान्याची आणि मासळीची अशी बेगमी करणारे आपण पैशाची अगोट मात्र क्वचितच करतो. म्हणूनच जून-जुलैमध्ये घरात सुकी मासळी असते, पण किराणा दुकानाच्या वहीत उधारी वाढत जाते. या लेखात आम्ही पैशाच्या अगोटीची एक पद्धत मांडत आहोत. तिला शून्याधारित अंदाजपत्रक म्हणतात.

ही कल्पना कारखान्याच्या हिशेबातून आली. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पायर यांनी ती वापरली व १९७० साली तिच्यावर लेख लिहिला. पुढे जिमी कार्टर यांनी जॉर्जिया राज्यात तिचा अवलंब केला. आपल्या राज्यातही शंकरराव चव्हाण १९८६ साली पुन्हा मुख्यमंत्री झाल्यानंतर तिचा प्रयोग झाला. सरकारात तिचा अर्थ असा की मागील वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून पुढे न जाता प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करावी. घरासाठी तिचा अर्थ अधिक साधा आहे: महिना सुरू होण्यापूर्वी हातातील सर्व पैसे वेगवेगळ्या कामांना वाटून टाकायचे, आणि वाटप न झालेली रक्कम शून्य व्हायला हवी. येथे एक गैरसमज नेहमी होतो. शून्य व्हायची ती बिनकामाची रक्कम. पैशाची पिशवी नव्हे. बचत हेही एक कामच आहे.

ज्यांना दरमहा ठरलेला पगार मिळतो त्यांच्यासाठी हे अवघड नाही. आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण वेगळी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. बोटीवरील खलाशाला पगार नसून वाटा असतो. डिझेल, बर्फ व इतर खर्च वजा जाता जे उरेल त्यातून तो मिळतो, आणि कधी किती मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते. ‘महिन्याचे उत्पन्न’ हा शब्दच जेथे लागू पडत नाही, तेथे महिन्याचे अंदाजपत्रक कसे करावे?

उदाहरणासाठी कुंडलिकेच्या मुखाशी राहणारे पाच जणांचे एक कुटुंब कल्पू. पती खलाशी, पत्नी एका संस्थेच्या स्वयंपाकघरात काम करते व तिला दरमहा ₹७,५०० मिळतात. पतीचा गेल्या वर्षीचा वाटा ऑगस्टमध्ये ₹१४,००० होता. सप्टेंबरमध्ये २६, ऑक्टोबरमध्ये ३१, नोव्हेंबरमध्ये २७ व डिसेंबरमध्ये २४ हजार मिळाले. पुढे जानेवारी ते मे असे अनुक्रमे १९, १६, १५, १८ आणि २० हजार. एकूण ₹२,१०,०००. ऑक्टोबरात हे कुटुंब सुखवस्तू वाटते आणि जुलैत कर्जबाजारी, पण कुटुंब तेच आहे.

बारा महिन्यांत विभागले तर हा वाटा महिना ₹१७,५०० पडतो. येणारे वर्ष गेल्या वर्षासारखेच जाईल याची खात्री नसल्याने आपण त्याहून थोडे कमी, म्हणजे ₹१६,५०० धरू. समुद्रातून आलेला प्रत्येक रुपया आधी एका वेगळ्या खात्यात टाकायचा. त्याला आपण समुद्रपेटी म्हणू. या पेटीतून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ₹१६,५०० उचलायचे, मग पाटीत म्हावरे भरभरून आलेले असो वा नसो. पत्नीच्या पगारासह घराला दरमहा ₹२४,००० मिळतात. दुसरा नियमही तितकाच महत्त्वाचा: या महिन्यात आलेला वाटा पुढील महिन्यापासूनच वापरायचा. न आलेल्या पैशाला काम देता येत नाही.

या दुसऱ्या नियमामुळे एक गोष्ट लक्षात येते, जी बहुतेकांच्या हिशेबातून निसटते. बंदी दोन महिन्यांची असली तरी पेटीत तीन महिन्यांची उचल हवी. ऑगस्टमध्ये बोटी निघतात खऱ्या, पण हवामान साथ देतेच असे नाही आणि पहिल्या फेऱ्यांचा वाटा उशिराच हाती येतो. तेव्हा मेअखेर पेटीत जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचे मिळून ₹४९,५०० असायला हवेत. आपल्या उदाहरणात पेटी ऑगस्टमध्ये रिकामी होती असे धरले, तर सप्टेंबरमध्ये ऑगस्टचे ₹१४,०००च उचलता येतात. त्यानंतर दरमहा पूर्ण उचल करूनही मेअखेर ₹६४,००० जमलेले असतात. जून, जुलै, ऑगस्ट निभावून ₹१४,५०० उरतात.

पण वर्ष वाईट आहे हे मे महिन्यात कळून उपयोग काय? यासाठी नाताळानंतर एक तपासणी करावी. जानेवारी ते ऑगस्ट या आठ महिन्यांच्या उचलीचे ₹१,३२,००० होतात. गेल्या वर्षी जानेवारी ते मे या काळात ₹८८,००० आले होते. म्हणजे डिसेंबरअखेर पेटीत निदान ₹४४,००० हवेत. समजा आठ हजार कमी पडले, तर जानेवारीपासूनच उचल एक हजाराने घटवली की आठ महिन्यांत तूट भरून निघते. हीच तूट मे महिन्यात लक्षात आली तर ती तीनच महिन्यांत भरावी लागेल, म्हणजे दरमहा सुमारे ₹२,७००. आणि तेही शाळा उघडण्याच्या तोंडावर.

आता चोवीस हजारांच्या वाटपाकडे वळू. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर पती-पत्नीने वही घेऊन बसावे. एकट्याने केलेले अंदाजपत्रक दुसऱ्याला हुकूम वाटते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. किराणा, दूध व भाजी यांना ₹८,५००, गॅस, वीज व फोन यांना ₹२,६००, मुलांच्या शिक्षणास ₹२,८००, औषधांना ₹१,०००, प्रवासास ₹१,५००, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता ₹१,८००, चर्चसाठी ₹३००. येथवर ₹१८,५०० झाले.

यापुढील शीर्ष सर्वांत दुर्लक्षित असते: वर्षातून एकदाच येणारे खर्च. जूनमध्ये शाळेसाठी बारा हजार लागणार हे जूनमध्ये कळत नाही. ते आदल्या जूनपासूनच ठाऊक असते. तरीही दरवर्षी त्यासाठी धावाधाव होते. शाळेसाठी महिना ₹१,०००, घराच्या दुरुस्तीस ₹७५०, नाताळासाठी ₹७५०, अगोटीच्या खरेदीस ₹५००, आणि लग्नकार्ये व विमा यांना मिळून ₹५०० असे ₹३,५०० दरमहा बाजूला पडले पाहिजेत. प्रधानमंत्री जीवनज्योती व सुरक्षा या दोन विम्यांचे माणशी वार्षिक ₹४५६ बँक मेअखेरच्या सुमारास आपोआप वळते करून घेते, म्हणजे नेमके बंदीच्या उंबरठ्यावर. ₹१,००० दोघांच्या खिशाला, प्रत्येकी ₹५००, आणि त्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. ही छोटी मोकळीक नसली की किराणाच्या शीर्षातून लपूनछपून पैसे जाऊ लागतात.

एकूण ₹२३,००० झाले. ‘हजार रुपये शिल्लक आहेत’ असे म्हणून बहुतेक जण येथे वही मिटतात. या पद्धतीत ते हजार शिल्लक नसतात, बेवारस असतात. बेवारस पैसा पंधरा तारखेपर्यंत कोठे गेला हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून त्यांतील ₹६०० अचानक उद्भवणाऱ्या अडचणीला आणि ₹४०० दुकानाची जुनी उधारी फेडण्याला नेमून द्यायचे. आता वाटप न झालेली रक्कम शून्य.

महिना लिहिल्याप्रमाणे जाणार नाहीच. मुलाला ताप आला आणि औषधांवर ₹१,७०० गेले, तर जास्तीचे ₹७०० कोणत्या शीर्षातून घ्यायचे हे त्याच दिवशी लिहावे: अडचणीच्या शीर्षातून ₹६००, खिशातून ₹१००. एकूण चोवीस हजारच राहतात. समुद्रपेटीला हात लावायचा नाही. एकच शीर्ष लागोपाठ तीन महिने कमी पडले तर दोष माणसांचा नसून आकड्याचा आहे, तो बदलावा. ‘इतर’ नावाचे शीर्ष वाढू लागले किंवा दुकानाच्या वहीत नवी उधारी चढली, तर पद्धत मोडत आहे असे समजावे. पावसाळ्यात बोटमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम मिळकतीत धरू नये. ते कर्ज आहे आणि ते हंगामातील वाट्यातून कापले जाणार आहे.

समुद्रपेटी बँकेच्या किंवा पोस्टाच्या साध्या बचत खात्यात ठेवावी. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते व तीत दरमहा ठरलेली रक्कम भरावी लागते. फेब्रुवारीच्या तुटपुंज्या वाट्यात ते जड जाते. भिशी अनेकांना सोयीची वाटते, पण तिचा क्रमांक जूनमध्येच लागेल याची हमी नसते. बंदीच्या काळासाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही असाच विचार होता: मच्छीमाराने वर्षभरात ₹१,५०० भरायचे, सरकारने ₹३,००० घालायचे आणि ते मिळून तीन महिन्यांत दरमहा ₹१,५०० परत द्यायचे. विचार योग्यच, पण आपल्या कुटुंबाच्या किराण्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही ती रक्कम कमी आहे.

पहिले वर्ष खडतर जाते हेही सांगायला हवे. सप्टेंबरमध्ये पेटीत चौदाच हजार असल्याने वार्षिक शीर्षांत त्या महिन्यात फार थोडे पडते आणि नाताळपर्यंत त्या शीर्षात तीन हजारही जमत नाहीत. त्या वर्षी नाताळ तेवढ्यातच करावा लागतो. कर्ज काढून केला तर जानेवारीच्या अंदाजपत्रकात हप्त्याचे नवे शीर्ष उघडते.

काही आघात कोणत्याही वहीत मावत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे नवे झाड फळायला कित्येक वर्षे लागतात. ती तूट तीन महिन्यांच्या पेटीतून भरून निघत नाही. अशा वेळी पेटीचे काम एवढेच की पंचनामा होऊन मदत हाती येईपर्यंत घरातील चूल पेटती राहावी आणि छपरावर ताडपत्री टाकण्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागू नयेत.