चार दिवसांत सर्टिफिकेट

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. सातुर्णा भागात त्यांचा लहानसा कारखाना आहे. तिथे दालमिलला लागणाऱ्या चाळण्या आणि धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बादल्या तयार होतात. घरातले तिघे आणि कामगार अकरा, अशी एकूण चौदा माणसे. अकोला-अमरावतीच्या दालमिलवर वडिलांपासून धंदा चालत आला. गेल्या काही वर्षांत केनियातल्या एका व्यापाऱ्याकडूनही मागणी येऊ लागली. तिकडेही तूर पिकते आणि तिकडेही दालमिल आहेत.

एके दिवशी त्या व्यापाऱ्याचे पत्र आले, की पुढच्या मालाबरोबर 'सर्टिफिकेट' हवे. दुसऱ्याच आठवड्यात भाईजानच्या ईमेलवर एका सल्लागाराचे पत्र येऊन पडले. जुम्म्याच्या नमाजनंतर ते मोबाईल घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "हे वाचून सांगा बरं. भाभीला हे पटत नाही, अन् मले घाई आहे."

पत्रात लिहिले होते ते असे. आयएसओ ९००१ सर्टिफिकेट चार दिवसांत घरपोच. कोणी पाहायला येणार नाही. शंभर टक्के खात्री. फी ४,९९९ रुपये, निम्मी आधी. सोबत सीई आणि हलाल सर्टिफिकेट घेतल्यास सवलत. खाली एका परदेशी वाटणाऱ्या 'अ‍ॅक्रेडिटेशन बोर्डा'चे नाव आणि सोनेरी शिक्का.

हलालचे वाचून भाभी हसल्या. "लोखंडाच्या चाळणीले हलाल? उद्या बादलीचा जुबाहा करायला सांगतील." हसण्यासारखेच होते, पण आमच्या मते पत्राचा खरा स्वभाव तिथेच उघडा पडत होता. माल कोणता आहे हे न विचारताच तो माणूस सर्टिफिकेट विकत होता.

असली पत्रे आता विदर्भातल्या अनेक लहान कारखानदारांना येतात, म्हणून हे पत्र आम्ही त्यांच्यासोबत ओळीओळीने वाचले. ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, आयएसओ ही जिनिव्हातली संस्था नियमावल्या लिहिते. ती स्वतः कोणालाही सर्टिफिकेट देत नाही. सर्टिफिकेट देतात त्या वेगळ्या प्रमाणन संस्था. त्या संस्था नीट काम करतात की नाही, हे तपासणारी आणखी एक वरची संस्था असते. आपल्या देशात ते काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतले एनएबीसीबी हे मंडळ करते. ब्रिटनमध्ये ते काम यूकेएएसकडे आहे. अशा देशोदेशीच्या मंडळांनी एकमेकांची तपासणी मान्य करण्याचा करार केला आहे, म्हणून बडनेऱ्याचा कागद नैरोबीत चालतो. या साखळीतली एक कडी नसेल, तर कागद कितीही जाड असला तरी त्याची किंमत छपाईएवढीच. 'अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड' हे नाव मात्र कोणीही ठेवू शकतो. पत्रातल्या बोर्डाचे नाव या करारातल्या मंडळांच्या यादीत नव्हते.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे आणि ती भाईजानला सगळ्यांत लवकर पटली. कारखान्यात माणसे किती, त्यावरून तपासणीला किती दिवस लागावेत याचा आंतरराष्ट्रीय तक्ता ठरलेला आहे. आयएसओ ९००१ च्या पहिल्या तपासणीसाठी ११ ते १५ माणसांच्या जागेला अडीच दिवस. काम सोपे असेल तर त्यात सूट मिळते, पण ३० टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे कितीही काटछाट केली तरी पावणेदोन दिवस, तेही प्रशिक्षित तपासनीसाचे. आता ४,९९९ रुपयांत त्या माणसाचे पावणेदोन दिवस, त्याचा रेल्वेचा प्रवास आणि बडनेऱ्यातला मुक्काम कुठून बसवणार? बसत नाही, म्हणूनच पत्रात 'कोणी पाहायला येणार नाही' हे फायद्यासारखे लिहिले होते.

तिसरी गोष्ट, 'खात्री' हा शब्द. प्रमाणन संस्थेने ज्याची तपासणी करायची त्याला सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. शिकवणारा आणि पेपर तपासणारा एकच असू नये, इतकी साधी ती गोष्ट आहे. चांगला सल्लागार फक्त तयारी करून देतो. तपासणी दुसऱ्याची आणि निकालही दुसऱ्याचा. मग निकालाची शंभर टक्के खात्री तो कशी देईल? सगळेच सल्लागार लबाड, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण प्रामाणिक सल्लागाराच्या पत्रात आधी प्रश्न असतात. माल काय, माणसे किती, कोणत्या देशात जातो, खरेदीदाराने नेमके काय मागितले.

हा शेवटचा प्रश्न भाईजानने स्वतः खरेदीदाराला विचारलाच नव्हता. आम्ही तिथेच फोन लावायला सांगितला. उत्तर निघाले ते निराळेच. त्याला हवे होते दोन कागद. एक, कारखान्याचे आयएसओ ९००१. दुसरा, प्रत्येक खेपेचा 'सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी'. केनियाने २००५ पासून माल निघण्याआधीच तो तपासून घेण्याची पद्धत लावली आहे. तिकडच्या मानक मंडळाने नेमलेल्या संस्था ते काम करतात. हा कागद त्या त्या खेपेपुरता असतो. भिंतीवरचे आयएसओ दाखवून तो चुकत नाही. आणि सीईची तर त्याने मागणीच केली नव्हती. ती खूण युरोपात विकायच्या मालासाठी आहे, आणि बहुतेक यंत्रांच्या बाबतीत कारखानदार स्वतःच तपासण्या करून तसे लिहून देतो व जबाबदारी घेतो.

भाईजान जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण समजा, हाच कागद पाठवून दिला तर? तिकडे कोण पाहते?" खरे म्हणजे पुष्कळदा कोणी पाहत नाही. पण पाहणे आता फार सोपे झाले आहे. `iafcertsearch.org` वर कंपनीचे नाव टाकले की मान्यताप्राप्त सर्टिफिकेट शोधता येते. तिथे नाव दिसले नाही म्हणून कागद खोटा ठरत नाही, पण मग खरेदीदार थेट प्रमाणन संस्थेला विचारतो. एकदा खोटा कागद पकडला गेला की ती ऑर्डर तर जातेच, पुढच्या पत्रांनाही उत्तर येत नाही. भाभी एवढेच म्हणाल्या, "कोणी पाहो न पाहो, आपल्या सहीनं खोटी गवाही कायले द्यायची?"

क्यूआर कोड असला म्हणजे कागद खरा, असा एक समज आहे. कापूस पिकवणाऱ्या आपल्या वऱ्हाडाला तरी तो परवडणारा नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सेंद्रिय कापडाचे मानक सांभाळणाऱ्या गॉट्स संस्थेने भारतातला एक मोठा घोटाळा उघड केला. सेंद्रिय कापसाचे व्यवहार-दाखले बनावट होते. त्यावरचे क्यूआर कोडही चालत होते, पण ते सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल केलेल्या दुसऱ्याच पानावर नेत होते. सुमारे २०,००० टन कापसाचा तो प्रश्न होता आणि ११ कंपन्यांवर बंदी आली. कोड आपल्याला तिथेच नेतो जिथे तो बनवणाऱ्याने न्यायचे ठरवले असते. म्हणून पत्ता स्वतः टाईप करायचा. एनएबीसीबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. तिथे नाव पाहायचे, आणि त्या संस्थेला आपल्या प्रकारच्या मालासाठी मान्यता आहे का तेही पाहायचे. खाद्यपदार्थ तपासण्याची मान्यता असलेली संस्था पत्र्याच्या चाळणीला उपयोगी नाही.

भाईजानने त्या पत्राला उत्तर दिले नाही. यादीतल्या दोन संस्थांकडून भाव मागवले आणि खरेदीदाराला सरळ कळवले, की काम सुरू केले आहे, पाच महिने लागतील, तोवर पत्र्याचे मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि चाळणीच्या मोजमापांचा कागद प्रत्येक खेपेबरोबर पाठवतो. त्याने पूर्ण ऑर्डर दिली नाही, निम्मी दिली. त्या तीन महिन्यांत दोन कामगारांचा पगार उशिरा झाला, हेही सांगायला हवे. खरा रस्ता स्वस्त नव्हता.

तयारीचे काम आम्ही जवळून पाहिले. फायली भरणे म्हणजे आयएसओ, असे आम्हालाही वाटायचे. प्रत्यक्षात अर्धा वेळ एकाच गोष्टीत गेला. साडेतीन मिलिमीटरच्या छिद्राची चाळणी खरोखर साडेतीनची आहे, हे कशावरून? छिद्र जरा मोठे झाले की अख्ख्या डाळीत चुरी उतरते आणि मिलवाल्याचा भाव पडतो. मोजायला व्हर्निअर होते. पण ते व्हर्निअर बरोबर मोजते हे कोणी तपासले? कारखान्यातली चार व्हर्निअर नागपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेली. एक चुकीचे निघाले आणि ते बाद झाले. मग परत आलेल्या मालाची वही सुरू झाली. आधी परत आलेला माल कोपऱ्यात पडायचा आणि भंगारात जायचा. आता का परत आला, कोणत्या पंचचा होता, ते भाभी लिहू लागल्या. दोन महिन्यांत दिसले की बहुतेक तक्रारी एकाच झिजलेल्या पंचच्या आहेत. तो बदलला. सल्लागाराने एवढेच सांगितले होते, की तुम्ही जे करता ते लिहा आणि जे लिहिले ते करा. बाकी शोध यांचेच.

तपासणी दोन टप्प्यांत झाली. पहिल्यात तपासनीसाने कागद पाहिले आणि तयारी आहे की नाही ते सांगितले. दुसऱ्यात तो कामाच्या जागी फिरला. कागदाकडे कमी, हातांकडे जास्त पाहत होता. एका कामगाराला त्याने अचानक विचारले, "हे खराब निघाले तर कुठे ठेवता?" त्याने लाल रंगाची पेटी दाखवली. हे सर्टिफिकेट तीन वर्षांचे असते आणि दरवर्षी तपासनीस पुन्हा येतो. ते कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचे असते, चाळणीचे नव्हे, म्हणून चाळणीवर किंवा तिच्या खोक्यावर ते छापता येत नाही. भाईजानने खोक्यांसाठी स्टिकर छापायला टाकले होते, ते रद्द करावे लागले.

एक लहान त्रुटी निघालीच. पंचिंग मशीनच्या खणात एक जुने पितळी पट्टीचे व्हर्निअर सापडले. त्याचे नाव तपासणीच्या यादीत नव्हते. ते भाईजानच्या मरहूम वडिलांचे होते आणि सवयीने सगळे तेच उचलत होते. तपासनीसाने विचारले, ठेवायचे असेल तर प्रयोगशाळेत पाठवा, नाहीतर कामाच्या जागेवरून हलवा. भाईजानने ते पुसले, रुमालात गुंडाळले आणि घरी नेले. आता ते जुन्या वस्तीतल्या घरी, वडिलांच्या चष्म्याजवळ कपाटात आहे.