नौकेचं इंजिन ऑइल का खातं?

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात थळ, साखर-आक्षी, रेवदंडा, एकदरा, जीवना या ठिकाणच्या नौका किनाऱ्याला विसावतात. जाळी दुरुस्त होतात आणि ज्यांच्या इंजिनाने वर्षभर त्रास दिला, ते इंजिन खोलतात. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात: गार इंजिन लवकर सुरू होत नाही, धूर निळसर येतो, ऑइल सारखं घालावं लागतं. या तिन्ही तक्रारी एकत्र आल्या, की मेस्त्री आधी पिस्टनच्या रिंगांकडे पाहतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पण पिस्टन लायनरला घट्ट बसवता येत नाही. गरम झाल्यावर तो फुगून अडकेल. म्हणून मध्ये फट ठेवावी लागते. ती फट बंद करण्याचं काम पिस्टनच्या खाचांमध्ये बसलेल्या, एका जागी कापलेल्या बिडाच्या रिंगा करतात.

रिंग स्वतःच्या ताणाने लायनरला टेकते हे खरं, पण तो ताण अगदी थोडा असतो. एवढ्यावर वातावरणाच्या तीस-चाळीस पट दाब अडत नाही. खरी युक्ती खाचेत आहे. रिंग खाचेत किंचित सैल असते. वरचा वायू त्या फटीतून रिंगेच्या पाठीमागे शिरतो, तिला खाचेच्या तळाशी दाबतो आणि बाहेर लायनरवर रेटतो. म्हणजे जो दाब अडवायचा आहे, तोच दाब रिंगेला घट्ट धरतो. दाब वाढला की पकडही वाढते. मला इंजिनातली ही सर्वांत सुंदर रचना वाटते.

तिची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. जाळं टाकून थांबलेलं असताना इंजिन तासन् तास बिनबोजा मंद चालतं. तेव्हा दाब कमी, ज्वलन अपुरं. रिंग नीट रेटली जात नाही, ऑइल वर चढतं, त्याचा कार्बन खाचेत साचतो आणि रिंग चिकटून बसते. चिकटलेल्या रिंगेमागे वायू शिरणार कुठून?

साधारण तीन रिंगा असतात. वरची दाब धरते. दुसरीचा पृष्ठभाग किंचित उतरता असतो. पिस्टन खाली येताना तिची खालची कडा ऑइल खरवडते आणि वर जाताना ती ऑइलच्या थरावरून सरकते. ती उलटी बसली तर ऑइल वर चढवते, म्हणूनच रिंगेवर वरच्या बाजूची खूण असते. तिसरी ऑइल रिंग. तिला दोन कडा, मध्ये चिरा आणि मागे स्प्रिंग असते. खरवडलेलं ऑइल त्या चिरांतून आणि पिस्टनच्या भोकांतून खालच्या टाकीत परत जातं. लायनर पूर्ण कोरडा करायचा नसतो. पातळ थर राहिला नाही तर धातूवर धातू घासेल.

झीज किती झाली हे फीलर गेजच्या पात्याने मोजता येतं. समजा लायनरचा व्यास १०० मिमी आहे. रिंगा पोहोचत नाहीत अशा खालच्या भागात नवी रिंग सरळ बसवली आणि तोंडातली फट ०.४० मिमी भरली. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. रिंगेचा घेर ३१४ मिमी आहे. ती लायनरपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली तर सुमारे ०.३५ मिमी लांब होते. फट नसेल तर टोकं एकमेकांना भिडतील आणि रिंग मोडेल किंवा लायनर ओरबाडेल.

आता तीच रिंग वर, पहिली रिंग जिथे वळते तिथे सरकवा. तिथे क्षणभर गती थांबते, ऑइलचा थर तुटतो, उष्णता आणि दाब मात्र सर्वाधिक. म्हणून झीजही तिथेच जास्त. फट ०.८५ मिमी भरली, तर फरक ०.४५. त्याला ३.१४ ने भागा: व्यास सुमारे ०.१४ मिमी वाढला आहे. हा आकडा इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहायचा. मर्यादा ओलांडलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं वाया जातं. वरच्या बाजूला झिजेची कड उरलेली असेल, तर नव्या रिंगेची धारदार कडा तिच्यावर आपटून रिंग मोडूही शकते.

खोलण्याआधी एक पडताळा घ्यावा, कारण निळा धूर झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमुळेही येतो. इंजिन गरम आणि मंद चालू असताना ऑइल भरायचं झाकण सांभाळून सैल करा. धुराचे जोरदार झोत बाहेर येत असतील, तर वायू रिंगांना चुकवून खाली उतरतो आहे. झोत नगण्य आणि तरी ऑइल जात असेल, तर आधी हेड तपासावं.

नव्या रिंगा बसवताना त्यांची तोंडं एका ओळीत येऊ देऊ नयेत. आणि इंजिन जोडून झाल्यावर ते धक्क्याला तासन् तास मंद चालवून 'बसवण्याची' सवय सोडावी. लायनरवरच्या बारीक आडव्या-तिरप्या रेघांवर रिंग घासून बसायला दाब लागतो. तो मिळाला नाही तर रेघांवर चकाकी चढते आणि ऑइल पुन्हा जळू लागतं. गरम झाल्यावर मध्यम बोजा द्यावा, पूर्ण जोर टाळावा. पहिल्या फेऱ्यांत ऑइलची पातळी रोज पाहावी.