बुधाची दुपार आणि शुक्राची रात्र

15 डिसेंबर 1970 रोजी सोव्हिएत संघाचे ‘व्हेनेरा 7’ शुक्राच्या जमिनीवर आदळले. उतरले म्हणण्यापेक्षा आदळले म्हणणेच रास्त, कारण पॅराशूटने ऐन वेळी दगा दिला होता. यान कोलमडले, संदेश जवळजवळ बंद पडला आणि पृथ्वीवरच्या मंडळींना वाटले, संपले सगळे. पुढे ध्वनिफिती बारकाईने तपासल्यावर लक्षात आले की जमिनीवरूनही सुमारे 23 मिनिटे अत्यंत क्षीण संदेश येत राहिला होता. यानातल्या एका बिघाडामुळे त्यात एकच उपयोगाची माहिती होती, ती म्हणजे तापमान. आकडा होता 475 अंश सेल्सिअस. आणि यान उतरले होते तिथे तेव्हा रात्र होती.

दीड वर्षाने ‘व्हेनेरा 8’ दिवसाच्या बाजूला उतरले. त्याने सुमारे 470 अंश नोंदवले. मोजमापातली चूकभूल धरली, तर दिवस आणि रात्र सारखेच.

आता शेजारच्या बुधाकडे पाहू. बुध सूर्यापासून सरासरी 5 कोटी 79 लाख किलोमीटरवर आहे, तर शुक्र 10 कोटी 82 लाख किलोमीटरवर, म्हणजे जवळपास दुप्पट लांब. अंतर दुप्पट झाले की ऊन निम्मे नव्हे, चौथा हिस्सा उरते. त्या हिशेबाने बुधावर शुक्राच्या सुमारे साडेतीन पट ऊन पडते. तरीही बुधाची भर दुपार 430 अंशांच्या आसपास थांबते. शुक्राची रात्र तिच्याहून गरम!

पण पडलेले ऊन आणि मुरलेले ऊन यांत फरक असतो. पृथ्वीवर ठरावीक क्षेत्रावर 100 भाग ऊन पडते असे धरले, तर त्यातले 30 भाग ढग, बर्फ आणि वाळवंटे परत फेकतात आणि 70 भाग मुरतात. त्याच मापाने बुधावर सुमारे 670 भाग पडतात. त्याची जमीन काळपट, त्यामुळे 600 हून अधिक भाग ती शोषून घेते. शुक्रावर 190 भाग पडतात. पण त्याच्याभोवती गंधकाम्लाच्या ढगांचा अखंड पडदा आहे आणि तो तीन-चतुर्थांश ऊन माघारी धाडतो. उरतात अवघे 45 भाग.

म्हणजे शुक्र बुधापेक्षाच काय, पृथ्वीपेक्षाही कमी ऊन पचवतो. एवढ्या कमाईवर त्याचे तापमान शून्याखाली 40 अंशांच्या आसपास असायला हवे. प्रत्यक्षात ते त्याहून 500 अंश वर आहे. कोडे खरे इथे आहे. अंतराचा प्रश्न त्यापुढे किरकोळ ठरतो.

शुक्र तापलेला असल्याची पहिली कुणकुण यान जाण्याआधीच लागली होती. 1956 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने शुक्राकडून येणाऱ्या तीन सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी मोजल्या. त्या 300 अंशांच्या पुढे तापलेल्या वस्तूकडून याव्यात इतक्या जोरकस होत्या. पुष्कळांना हे पटेना. शुक्राची जमीन साधारणच असेल आणि लहरी फार वरच्या विद्युतभारित थरातून येत असतील, असाही तर्क मांडला गेला. निवाडा केला ‘मरिनर 2’ने, 14 डिसेंबर 1962 रोजी शुक्राजवळून जाताना. युक्ती साधी होती. लहरी वरच्या पातळ थरातून येत असतील, तर ग्रहाच्या बिंबाची कडा मध्यापेक्षा उजळ दिसायला हवी, कारण कडेला नजर त्या थरातून तिरपी जाते आणि थर जाड भासतो. लहरी जमिनीतून येत असतील, तर कडेला वाटेत थंड हवा जास्त आडवी येईल आणि कडा मंद दिसेल. कडा मंद दिसली. तापली होती ती जमीनच.

ही उष्णता टिकते कशी? शुक्राच्या हवेत 96 टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आहे आणि जमिनीवर तिचा दाब पृथ्वीच्या सुमारे 92 पट आहे. ढगांतून झिरपत जमिनीपर्यंत पोचणारे ऊन दोन-तीन टक्केच. पण ते येऊ शकते. तापलेल्या जमिनीने बाहेर टाकलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात असते आणि हे किरण कार्बन डायऑक्साइड अडवतो. सगळे नाही, काही तरंगलांबींना तो वाट मोकळी ठेवतो. पण दाब इतका असला की वायूचे शोषणाचे पट्टे रुंदावतात आणि बऱ्याच फटी बुजतात. उरलेल्यांपैकी बहुतेक थोडी वाफ, सल्फर डायऑक्साइड आणि खुद्द ढग मिळून बंद करतात. तेव्हा जमिनीची उष्णता थेट अवकाशात जात नाही. थराथराने अडत, शोषली जात ती वर सरकते आणि मग ढगांच्या माथ्यावरून बाहेर पडते. आलेले 45 भाग बाहेर जाण्याइतका रेटा निर्माण होईपर्यंत खालची जमीन तापत राहते. तो तोल 465 अंशांच्या आसपास साधला गेला आहे.

इथे एक गैरसमज हटकून डोके वर काढतो: शुक्र तापला तो दाबामुळे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना पंप गरम होतो हे खरे. पण भरलेली ट्यूब रात्रभर ठेवा, सकाळी ती थंडच असते, दाब मात्र तसाच. दाबल्याने हवा एकदा तापते. तो दाब कोट्यवधी वर्षे उष्णता पुरवत नाही. दाबाचे काम वेगळे. तो फटी बुजवतो आणि उष्णता सुटण्याचा थर जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटर उंच नेऊन ठेवतो. त्या थरातून खाली येताना हवा दर किलोमीटरला सुमारे आठ अंशांनी तापत जाते. म्हणूनच मॅक्सवेल पर्वताच्या अकरा किलोमीटर उंच माथ्यावर सुमारे 380 अंश असतात. शुक्रावरचे थंड हवेचे ठिकाण म्हणायचे तर हेच, आणि तिथेही शिसे वितळेल.

हवेच्या या साठ्यामुळे रात्रीचाही प्रश्न मिटतो. शुक्रावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीचे 117 दिवस जातात. पण हवेचे वस्तुमान इतके प्रचंड आहे की दोन महिन्यांच्या अंधारात ती जेमतेम निवते.

बुधाकडे नेमके हेच नाही. तिथे वातावरण म्हणावे असे काही उरलेलेच नाही. त्याची रात्र पृथ्वीच्या 88 दिवसांची, आणि वरची भुसभुशीत माती उष्णता खाली मुरू देत नाही. दुपारची सगळी मिळकत उघड्या अवकाशात निघून जाते. पहाटेपर्यंत पारा शून्याखाली 180 अंशांपर्यंत उतरतो. एकाच जागी दिवसरात्रीत 600 अंशांचा फरक.

बुधाचा आस जवळपास सरळ उभा आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाला सूर्य कधीच दिसत नाही. 1991 मध्ये पृथ्वीवरून सोडलेल्या रडार लहरी तिथून लख्ख परतल्या आणि बर्फाची शंका आली. ‘मेसेंजर’ यानाने 2012 मध्ये तिला पुष्टी दिली. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ग्रहावर पाण्याचा बर्फ आहे. शुक्रावर मात्र ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत कुठल्याही जमिनीवर तो क्षणभरही टिकणार नाही.