गाण्याच्या ओळी मागे का पडतात?

गाणं कडव्यावर पोहोचतं आणि पडद्यावर अजून ध्रुवपदच असतं. फोनमध्ये साठवलेल्या गाण्यांत हा दोष बहुधा प्लेअरचा नसतो. बोल LRC नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात आणि प्रत्येक ओळीआधी तिची वेळ लिहिलेली असते:

```
[00:22.50]पहिली ओळ
[00:29.10]दुसरी ओळ
```

प्लेअर गाणं ऐकत नाही, तो फक्त वेळ मोजतो. म्हणून वेळा ज्या ध्वनिमुद्रणावरून घेतल्या, नेमकं तेच आपल्याकडे हवं. जुन्या चित्रपटगीतांची तबकडीवरची आणि पडद्यावरची आवृत्ती अनेकदा वेगळी असते. समजा, आपल्या आवृत्तीत सुरुवातीचं संगीत चार सेकंदांनी कमी आहे. मग गायिका १८.५ सेकंदांनाच गाऊ लागते आणि प्रत्येक ओळ चार सेकंद उशिरा येते. फाइलच्या सुरुवातीला `[offset:+4000]` लिहिलं की ओळी तेवढ्या आधी सरकतात. हा आकडा मिलिसेकंदांत असतो. काही प्लेअर ही सूचना मानत नाहीत, तिथे वेळाच बदलाव्या लागतात.

अंतर मधल्या संगीतानंतरच पडत असेल, तर तिथला तुकडा कापलेला आहे. अशा वेळी फक्त त्यापुढच्या वेळा दुरुस्त करायच्या.

ओळी मुळीच दिसत नसतील, तर आधी नाव पाहा. `gane.mp3` साठी बहुतेक प्लेअर त्याच फोल्डरमध्ये `gane.lrc` शोधतात. आणि देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं उमटली, तर फाइल UTF-8 मध्ये पुन्हा साठवा.